विषय: मायक्रोमीटर, स्लिप गेज, प्लग गेज, प्रेशर गेज, टॉर्क रेंच आणि ओव्हन कॅलिब्रेशनचं कोटेशन हवंय (रेंज, पॉइंट आणि अनसर्टन्टीसह)

नमस्कार सर,

काल फोनवर बोलणं झालं होतं त्याप्रमाणे सगळी माहिती लिहून पाठवायलोय. आमचं युनिट छत्रपती संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत आहे, टर्निंग आणि ग्राइंडिंगचं काम, टू-व्हीलर आणि ट्रॅक्टरसाठी पिना, बुश आणि छोटे शाफ्ट बनवतो. यावर्षीचं कॅलिब्रेशन तुमच्या पुण्याच्या लॅबकडून करून घ्यायचा विचार आहे. ऑडिट 20 जूनला आहे, त्यामुळे 10 जूनपर्यंत सर्टिफिकेट हातात पाहिजेत.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे कोटेशन बनवताना तुम्हालाही सोपं जाईल. आम्हाला नुसतं "एनएबीएल सर्टिफिकेट, नगाला इतके रुपये" असं कोटेशन नको. आमच्या रेंजला, आमच्या पॉइंटवर, सर्टिफिकेटवर प्रत्यक्षात किती अनसर्टन्टी छापून येणार हे प्रत्येक आयटमसमोर पाहिजे. स्कोपमधली सीएमसी म्हणजे तुमचं सगळ्यात चांगलं जमणारं काम, आमच्या वापरलेल्या मायक्रोमीटरवर त्यात लीस्ट काउंट आणि रिपीटॅबिलिटी धरून आकडा थोडा वाढणारच, त्याला आमची काही हरकत नाही, पण वाढून किती होईल ते आधी कळलं पाहिजे. मागच्या वेळी एका दुसऱ्या लॅबकडून 0 ते 25 मिमी मायक्रोमीटरचं सर्टिफिकेट आलं त्यावर 3 मायक्रॉन अनसर्टन्टी होती आणि आमची मर्यादा आहे ±4 मायक्रॉन, तर त्यावरून मायक्रोमीटर चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? पैसे गेले, सर्टिफिकेट फाइलला लागलं आणि कस्टमरच्या माणसानं पहिला प्रश्न तोच विचारला.

आता आयटम.

मायक्रोमीटर सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डिजिटल आउटसाइड मायक्रोमीटर, लीस्ट काउंट 0.001 मिमी, 0 ते 25 मिमीचे 4 नग आणि 25 ते 50 मिमीचे 2 नग. 0 ते 25 साठी पॉइंट 0, 2.5, 5.1, 7.7, 10.3, 12.9, 15.0, 17.6, 20.2, 22.8 आणि 25.0 मिमी. हे पॉइंट बदलून 5, 10, 15, 20, 25 करू नका ही विनंती, कारण स्पिंडलचा पिच 0.5 मिमी आहे आणि गोल आकड्यांवर स्पिंडल दरवेळी फिरून त्याच जागी येतो, मग एका फेरीच्या आतली चूक कधी दिसतच नाही. याच्यावर एक जादा पॉइंट 20.000 मिमी घ्या, कारण आमच्या बहुतेक पिना 20 h6 च्या आहेत, म्हणजे 19.987 ते 20.000, पूर्ण टॉलरन्सच 13 मायक्रॉन, रोजचं मोजमाप तिथंच चालतं. 25 ते 50 साठी याच पॉइंटमध्ये 25 मिळवा, म्हणजे 25, 27.5, 30.1 असे 50 पर्यंत, आणि जादा पॉइंट 32.000 मिमी. ॲन्व्हिलची फ्लॅटनेस ऑप्टिकल फ्लॅटवर आणि पॅरललिझम 0 ते 25 वाल्यांना चार ऑप्टिकल पॅरललवर बघून आकडे द्या, नुसतं "ओके" लिहू नका. अनसर्टन्टी 0 ते 25 ला 1.0 मायक्रॉन किंवा कमी, 25 ते 50 ला 1.2 मायक्रॉन किंवा कमी, k=2 ला. मर्यादा सगळ्यांना ±4 मायक्रॉन.

स्लिप गेज सेट एक, 87 तुकड्यांचा, स्टील, ग्रेड 1. रोज सकाळी मायक्रोमीटर याच्यावरच तपासतो म्हणून हा सेट बिघडला तर सगळंच बिघडलं. सगळे 87 तुकडे आयएसओ 3650 प्रमाणे कम्पॅरेटरवर करायचेत, मधली लांबी आणि लांबीतला फरक दोन्ही. अनसर्टन्टी 10 मिमीपर्यंत 0.10 मायक्रॉन, 25 पर्यंत 0.12 आणि 100 मिमीला 0.25 पेक्षा जास्त नको. ग्रेड 1 ला 10 मिमीपर्यंत मर्यादाच ±0.20 मायक्रॉन आहे त्यामुळे इथं पास-फेल मागत नाही, प्रत्येक तुकड्याची मोजलेली लांबी द्या, आम्ही तीच व्हॅल्यू लावून वापरतो. हा आयटम तुमच्या स्वतःच्या स्कोपमध्ये नसेल तर तसं स्पष्ट लिहा. दुसऱ्या लॅबला देणार असाल तर आम्हाला आधी विचारा आणि तिची एक्रेडिटेशन असली पाहिजे, तसं चालेल, पण न सांगता नको.

प्लेन प्लग गेज, गो आणि नो-गो दोन टोकांचे, साइज 20 H7, 25 H7 आणि 32 H7, एकूण 3 नग. प्रत्येक टोकाला तीन सेक्शन, प्रत्येक सेक्शनला 90 अंशात दोन माप. गो टोक पुढच्या बाजूनं झिजतं म्हणून पुढचा सेक्शन कडेपासून 2 मिमीवर घ्या. अनसर्टन्टी 1.0 मायक्रॉनच्या आत.

प्रेशर गेज दोन प्रकारचे आहेत आणि इथं एक विनंती आहे. हायड्रॉलिक फिक्श्चरवरचे 0 ते 100 बार, क्लास 1.0, 6 नग, हे तेलावर टेस्ट झाले तरी चालतात. पॉइंट 0, 20, 35, 40, 60, 80 आणि 100 बार, चढताना आणि उतरताना दोन्ही, 35 हा आमचा वर्किंग पॉइंट. अनसर्टन्टी 0.25 बारपर्यंत. दुसरे लीक टेस्टिंगच्या बेंचवरचे 0 ते 10 बार, क्लास 1.6, 3 नग, हे कोरड्या हवेवर किंवा नायट्रोजनवरच टेस्ट करा, तेल अजिबात नको. आत तेल राहिलं की नंतर ते लाइनमधून पार्टवर येतं आणि लीक टेस्टचं रीडिंग चुकतं. पॉइंट 0, 2, 4, 5.5, 8 आणि 10 बार, अनसर्टन्टी 0.04 बार.

टॉर्क रेंच क्लिक टाइप, 10 ते 100 न्यूटन मीटर, 2 नग, उजवीकडे फिरवतानाच. पॉइंट 20, 60 आणि 100, वर 45 हा आमचा कामाचा पॉइंट. प्रत्येक पॉइंटला पाच रीडिंग, आयएसओ 6789 प्रमाणे. अनसर्टन्टी रीडिंगच्या 1 टक्क्यापर्यंत, मर्यादा ±4 टक्के.

शेवटचा टेम्परिंग ओव्हन, हा जागेवर येऊनच करावा लागेल. के टाइप थर्मोकपल आणि इंडिकेटर एकत्र, पॉइंट 150, 180, 200 आणि 250 अंश सेल्सिअस, अनसर्टन्टी 1.5 अंशापर्यंत. 180 ला रिकाम्या ओव्हनमध्ये नऊ जागांवर मॅपिंग पण करून द्या, स्थिर झाल्यावर अर्धा तास. एनएबीएल स्कोपमध्ये लॅबमधलं काम आणि साइटवरचं काम वेगवेगळं लिहिलेलं असतं, तर हा पॅरामीटर तुमच्या साइट स्कोपमध्ये आहे का ते तेवढं बघून सांगा. साइटचा जाण्यायेण्याचा खर्च वेगळ्या ओळीत दाखवा.

पास-फेलचं आत्ताच ठरवून घेऊ, कारण 17025 प्रमाणे तो नियम काम घेतानाच दोघांनी ठरवायचा असतो. मायक्रोमीटर, प्लग गेज, प्रेशर गेज आणि टॉर्क रेंच यांना आम्हाला कॉन्फॉर्मिटी स्टेटमेंट पाहिजे आणि नियम असा की मर्यादेतून अनसर्टन्टी वजा करून उरलेल्या पट्ट्यात एरर बसली तरच पास. प्लग गेज आणि प्रेशर गेजच्या मर्यादा ऑर्डरसोबत ड्रॉइंग आणि क्लासप्रमाणे लिहून देतो. मायक्रोमीटरचं उदाहरण घ्या, मर्यादा ±4 आणि अनसर्टन्टी 1.0 असेल तर ±3 पर्यंतची एरर पास. हीच अनसर्टन्टी 3 झाली तर पट्टा ±1 उरतो आणि चांगला मायक्रोमीटर सुद्धा नापास ठरतो, म्हणूनच वर अनसर्टन्टीवर एवढा जोर दिलाय.

सर्टिफिकेटबद्दल थोडं. एनएबीएलचा सिम्बॉल पाहिजे, प्रत्येक पॉइंटसमोर रीडिंग, एरर आणि अनसर्टन्टी पाहिजे, k ची व्हॅल्यू, टेम्परेचर, ह्युमिडिटी आणि वापरलेल्या मास्टरची ट्रेसेबिलिटी पाहिजे. कुठं ॲडजस्टमेंट करावी लागली तर आधी फोन करा आणि आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे द्या, आधीचे आकडे गेले तर आम्हाला मागं गेलेल्या मालाबद्दल काही ठरवता येत नाही. पुढची ड्यू डेट सर्टिफिकेटवर छापू नका, ती आम्ही आमच्या वापरावरून ठरवतो.

माल आमचा माणूस गाडीनं स्वतः घेऊन येईल, कुरिअर नको. सध्या इकडं ऊन 42 च्या वर आहे आणि 100 मिमीची स्टीलची स्लिप 5 अंशाच्या फरकानं सुद्धा पावणेसहा मायक्रॉनच्या आसपास लांबते, त्यामुळे लॅबमध्ये 20 अंशाला निदान 24 तास ठेवूनच काम सुरू करा. हे तुम्ही करतच असाल, पण वेळापत्रकात तो दिवस धरून ठेवा म्हणजे घाई होणार नाही. मायक्रोमीटर एकदम सगळे देता येत नाहीत, लाइन बंद पडते, म्हणून दोन खेपांत पाठवू, आधी 3 मायक्रोमीटर, स्लिप सेट आणि प्लग गेज, ते परत आले की बाकीचे. दोन खेपांचा दर वेगळा लागत असेल तर तसं लिहा.

कोटेशनमध्ये आयटमप्रमाणे दर, जीएसटी वेगळा, किती दिवसांत होईल, पेमेंटच्या अटी आणि दर किती दिवस लागू राहील हे पाहिजे. सोबत सध्याचं एक्रेडिटेशन सर्टिफिकेट आणि स्कोपची प्रत जोडा, आमच्या आयटमच्या ओळींवर खूण करून दिली तर फार बरं होईल. आमचा कस्टमर आयएटीएफ 16949 वर चालतो आणि त्यात बाहेरच्या लॅबचा स्कोप तपासायला सांगितलेलं आहे, तो कागद ऑडिटला लागतोच.

वरचा एखादा पॉइंट किंवा अनसर्टन्टी तुम्हाला जमत नसेल तर तो आयटम सोडून बाकीचं कोटेशन द्या आणि जमणारा आकडा किती ते लिहा, उगाच ओढून ताणून "हो" म्हणू नका. स्लिप गेजसाठी वेगळी लॅब शोधायची वेळ आली तर ते आत्ता कळलेलं बरं. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं तर सोमवारी ऑर्डर काढता येईल. काही विचारायचं असलं तर याच मेलवर लिहा, मी दिवसातून दोनदा बघतो.

धन्यवाद,
संतोष
क्वालिटी विभाग
वाळूज एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर