फोटो गेला, म्हणून कात्रणाचा मजकूर टाइप करून पाठवतोय

ताई, नमस्कार.

परवा तुम्ही कळवलंत की भाषांतरासाठी दिलेल्या, देवीच्या रोगावरच्या बातमीच्या कात्रणाचा फोटो तुमच्याकडे उघडत नाही, पुन्हा पाठवा. माझा फोन पाण्यात पडला आणि बंदच झाला. बॅकअप शोधला, त्यात सगळे फोटो आहेत, पण नेमके त्या आठवड्यातले नाहीत. मूळ कात्रण दादाकडे आहे. त्याचा फोन साधा बटणांचा, आणि पंचाहत्तरी ओलांडल्यावर कागद घेऊन बाहेर जा असं त्याला सांगवत नाही. कागदही आता असा झालाय की घडी उलगडताना कडेचा भुगा हातात येतो.

म्हणून आम्ही दोघं दोन संध्याकाळी फोनवर बसलो. दादानं भिंग लावून एकेक ओळ वाचली, मी टाइप केली. मग मी वाचून दाखवलं आणि त्यानं ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिलं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा विचारून घेतलं आहे. त्यामुळे खाली जे आहे ते कात्रणात आहे तसंच आहे. एका शब्दाचं शुद्धलेखन खटकेल, ते छापलेलंच तसं आहे. मथळ्यात तो शब्द नाही, पण मजकुरात ‘निर्मुलन’ असा ऱ्हस्व ‘मु’ आहे. मी हात लावला नाही.

मथळा (तीन स्तंभांवर, ठळक):
देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन

उपमथळा:
जागतिक आरोग्य परिषदेची जिनिव्हात घोषणा

तारीख: शनिवार, १० मे १९८०

तारखेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिल्या वेळी मीच तुम्हाला ८ मे सांगितली होती आणि ती चूक होती. ८ ही बातमीच्या सुरुवातीची, म्हणजे जिनिव्हाहून बातमी निघाली तो दिवस. अंकाची तारीख वेगळी. कात्रण कापताना वरची पट्टी अर्धी गेली आहे, वर्तमानपत्राचं नाव त्यातच गेलं. उरलेल्या पट्टीवर ‘शनिवार’ एवढं छापील दिसतं. बाजूला बाबांनी शाईनं ‘१०-५-८०’ लिहिलंय. मी कॅलेंडर काढून पाहिलं, १० मे १९८० ला शनिवारच होता. छापील वार आणि बाबांचं अक्षर जुळतं, म्हणून ही तारीख मी पक्की धरतो. भाषांतरात दोन्ही तारखा ठेवा, पण कुठली घोषणेची आणि कुठली अंकाची हे स्पष्ट लिहा. वर्तमानपत्राच्या नावाच्या जागी ‘नाव कापलेले’ एवढंच लिहा. दादाला वाटतं की आपल्याकडे अमुक पेपर यायचा, तोच असणार. असेल, पण कागदावर तसं काही नाही.

बातमी सहा परिच्छेदांची आहे. त्यातले चार देतो.

पहिला परिच्छेद:

«जिनिव्हा, ता. ८ (वृत्तसंस्था) – मानवजातीला हजारो वर्षे ग्रासणारा देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला असल्याचे येथे भरलेल्या ३३ व्या जागतिक आरोग्य परिषदेने आज जाहीर केले. एखादा मानवी रोग माणसाच्या प्रयत्नांनी समूळ नष्ट होण्याची ही पहिलीच वेळ आहे.»

दुसरा परिच्छेद:

«देवीच्या रोगाचे निर्मुलन झाल्याचा निर्वाळा तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ९ डिसेंबर १९७९ रोजीच दिला होता. देवीची नैसर्गिक रीत्या लागण झालेला अखेरचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला. त्यानंतर १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे लागण झाली. परंतु तिचा संबंध प्रयोगशाळेशी असल्याचे आढळून आले.»

यातला ‘९ डिसेंबर’ दादानं आधी ‘१ डिसेंबर’ वाचला होता. जुन्या खिळ्यांच्या छपाईत १ आणि ९ सहज फसवतात, आणि आकड्याच्या डोक्यावर शाई पसरली आहे. मग त्याला म्हटलं, त्याच ओळीत पुढे ‘१९७९’ आहे, त्यातला पहिला आकडा आणि दुसरा आकडा बघ आणि याच्याशी लावून बघ. पाच मिनिटं भिंग फिरवून तो म्हणाला, नऊच, खालची शेपटी आहे. मीही बाहेर खात्री केली, आयोगानं दाखल्यावर सही केली ती ९ डिसेंबर १९७९ लाच.

तिसरा परिच्छेद घडीवर आलाय. पाच ओळींपैकी दोन पूर्ण पुसल्या गेल्या आहेत आणि बाकीच्यांत मधलेच शब्द उरलेत. खर्चाबद्दल काहीतरी आहे एवढं कळतं. दादा म्हणत होता, अंदाजानं जोडून टाकू. मी नको म्हटलं. तुम्हीही या जागी ‘परिच्छेद वाचता येत नाही’ असं कंसात लिहून पुढे जा.

चौथा परिच्छेद, आणि आमच्या घरासाठी सगळ्यांत महत्त्वाचा:

«देवी निर्मुलनाच्या जोरदार मोहिमेस १९६७ साली प्रारंभ झाला तेव्हा दरवर्षी सुमारे एक ते दीड कोटी लोकांना या रोगाची बाधा होत होती व तीसहून अधिक देशांत तो ठाण मांडून होता. सरसकट सर्वांना टोचण्यावरच भिस्त न ठेवता रुग्ण हुडकून काढणे आणि त्याच्या सहवासात आलेल्या प्रत्येकाला लस टोचून रोगाला जागच्या जागी घेरणे, या पद्धतीमुळे यश पदरात पडले. उष्ण हवेतही टिकणारी गोठवून वाळवलेली लस व दुभंगलेल्या टोकाची सुई यांचा मोठा उपयोग झाला. या सुईला लस कमी लागते व ती वापरण्यास शिकणे सोपे असते.»

‘दुभंगलेल्या टोकाची सुई’ या शब्दांखाली निळ्या पेन्सिलीची रेघ आहे आणि समासात बाबांनी फक्त ‘१५’ लिहिलंय. बाबा देवी टोचायला गावोगाव जात, लोक त्यांना ‘देवी डॉक्टर’ म्हणत. त्या सुईचे दंडावर एकाच जागी भराभर पंधरा टोचे मारायचे असत, तोच हा आकडा असावा असं आम्हा दोघांना वाटतं. हा छापील मजकूर नाही, म्हणून भाषांतराच्या आत घेऊ नका. शेवटी ‘समासातील हस्तलिखित नोंद’ असं वेगळं द्या आणि नोंद तेवढीच ठेवा: ‘१५’. अर्थ मी वेगळ्या कागदावर लिहीन.

पाचवा परिच्छेद परिषदेतल्या भाषणांचा आहे, मोठा आहे आणि आपल्या कामाला लागत नाही. दादाचा आवाजही तोवर बसला होता. तो सोडला.

सहावा, शेवटचा:

«देवीची लस टोचण्याची आता गरज उरली नसल्याने सर्व देशांनी ती बंद करावी, अशी शिफारस परिषदेने केली आहे. ज्या संशोधकांना कामामुळे धोका संभवतो, त्यांचा मात्र अपवाद करण्यात आला आहे. देवीवरील लसीचा प्रयोग इंग्लंडमधील डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये प्रथम केला होता.»

यापुढे कात्रण संपतं. मागच्या बाजूला अर्ध्या कापलेल्या जाहिराती आहेत, त्यांत तारीख वगैरे काही नाही, दादानं पाहून घेतलं.

आता मला काय हवं ते सांगतो. दादाची नात परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकते. तिला मराठी बोलता येतं, पण छापील मराठी तिला अडखळत वाचावं लागतं. पणजोबांचं हे एकच कात्रण आहे आणि ते तिच्या हातात जायला हवं. या चार परिच्छेदांचं आणि मथळ्यांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, ओळीला ओळ. त्याशिवाय दीडशे शब्दांचा मराठी सारांश, घरातल्या सगळ्यांसाठी. सारांशात पाचव्या परिच्छेदाचा उल्लेखही नको, कारण तो मी तुम्हाला दिलेलाच नाही.

दोन-तीन शब्दांवर माझं म्हणणं आहे. तुम्हाला हे माहीतच असणार, पण पूर्वी एकदा दुसऱ्याकडून भाषांतर करून घेतलं तेव्हा ‘देवी’ची ‘गॉडेस’ झाली होती, आणि कुणीतरी दुरुस्त करताना ‘चिकनपॉक्स’ केलं होतं. चिकनपॉक्स म्हणजे कांजिण्या, त्या अजूनही येतात. इथे स्मॉलपॉक्सच. ‘निर्मुलन’ आणि ‘उच्चाटन’ दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द वापरलात तरी चालेल, पण ‘नियंत्रण’ असा अर्थ निघता कामा नये. आटोक्यात येणं वेगळं आणि जगात एकही रुग्ण न उरणं वेगळं, आणि बातमी सगळी त्यासाठीच आहे. ‘एक ते दीड कोटी’ इंग्रजीत दहा ते पंधरा मिलियन होईल, तिथे शून्य मोजून घ्या. ‘घेरणे’ हा शब्द जमला तर तसाच चित्रासकट आणा. बाबा घरी सांगायचे तेव्हाही हाच शब्द वापरायचे: एका घरात रुग्ण सापडला की आधी ते घर, मग शेजारची घरं, मग त्याला भेटून गेलेली माणसं, कुठेही असोत. शत्रूला कोंडीत धरावं तसं.

आणि ‘नैसर्गिक रीत्या’ हे दोन शब्द गाळू नका. ते गेले तर सोमालियाचा १९७७ चा रुग्ण अखेरचा आणि बर्मिंगहॅमची लागण त्यानंतर १९७८ ची, हे एकमेकांना छेद देतं आणि वाचणाऱ्याला वाटेल बातमीत चूक आहे. चूक नाही. एक रोग आपल्या वाटेनं आला, दुसरा प्रयोगशाळेतून.

काही अडलं तर मला संध्याकाळी सातनंतर फोन करा. दादा तेव्हा जेवून बसलेला असतो आणि कात्रण मधल्या खोलीतल्या कपाटात, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये आहे, तुम्ही शब्द विचारलात की तो लगेच काढून पाहील. फक्त दिवसातून एकदाच विचारू, कागद वारंवार उलगडायला नको. नवा फोन आला की मी स्वतः जाऊन सपाट उजेडात फोटो काढणार आहे, तो तुम्हालाही पाठवीन म्हणजे माझं टाइप केलेलं तुम्ही ताडून पाहू शकाल. पण नातीची सुट्टी पुढच्या महिन्यात संपते, तोवर फोटोची वाट पाहू नका, या मजकुरावरूनच काम सुरू करा.

तुमचा,
देवी डॉक्टरांचा धाकटा