निरीक्षणे : महाराष्ट्रातील साक्षरता आणि लिंग-गुणोत्तर (जनगणना २००१ व २०११)

या दशकातला सर्वांत ठळक बदल स्त्री-साक्षरतेत दिसतो. २००१ मध्ये राज्यातल्या सात वर्षे व त्यावरील वयाच्या ६७ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण जवळपास ७६ टक्क्यांवर गेले. पुरुषांचे प्रमाण ८६ वरून ८८ टक्क्यांपर्यंतच सरकले. त्यामुळे दोघांतली दरी सुमारे १९ टक्केबिंदूंवरून साडेबारावर आली.

ही वाढ दिलासा देणारी आहे. पण शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली ९१३ होत्या, त्या ८९४ उरल्या. एकूण लोकसंख्येतले गुणोत्तर याच काळात ९२२ वरून ९२९ झाले. केवळ तेवढेच पाहिले तर ही चिंताजनक घट नजरेतून निसटते. जिल्हावार आकडे परिशिष्टातील तक्त्यांत दिले आहेत.