हंपी-बदामी: कोल्हापुरातून 4 दिवस, 3 रात्री

1/8
10 ते 13 डिसेंबर 2026
26 जणांची एसी पुशबॅक बस
माणशी ₹13,800 (दोघांत एक खोली, जीएसटी धरून)

2/8
गुरुवार: बदामी
पहाटे 6 ला ताराराणी चौकातून बस सुटेल. उशिरा येणाऱ्यासाठी 15 मिनिटं थांबू, त्यापुढे नाही.
नाश्ता वाटेत बेळगावला, जेवण बदामीत. ऊन उतरलं की लेणी. तिसऱ्या लेण्यातला शिलालेख शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578.
संध्याकाळी बनशंकरीचं दर्शन. अनेक मराठी घरांची ती कुलस्वामिनी. ओटी भरायची असेल तर सामान घरूनच आणा.

3/8
शुक्रवार: पट्टदकल, ऐहोळे
ऐहोळेचं दुर्ग मंदिर दुर्गादेवीचं नाही. नाव आलंय दुर्गावरून, म्हणजे किल्ल्यावरून. मेगुती टेकडी चढणाऱ्यांना रविकीर्तीचा शिलालेख पाहता येईल. पुलकेशीने हर्षाला हरवलं ते त्यात आहे, आणि 99 हजार गावांची ‘तीन महाराष्ट्रकं’सुद्धा! गुडघे दुखणाऱ्यांनी खाली झाडाखाली बसावं, चहा आमच्याकडून.
मुक्काम होस्पेट.

4/8
शनिवार: हंपी, पूर्ण दिवस
सकाळी विरूपाक्ष, मग विठ्ठल मंदिर. ₹50 च्या नोटेवरचा दगडी रथ इथलाच. गाभाऱ्यात मात्र मूर्ती नाही. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी आपल्याकडची कथा. ती तिथेच उभं राहून ऐकायची.
सूर्यास्त हेमकूट टेकडीवरून.

5/8
रविवार: कमलमहाल, हत्तीशाळा
दुपारी जेवून परत. कोल्हापूर रात्री 9 ते 10.

6/8
पैशांत काय येतं?
✔ बसप्रवास, टोल, ड्रायव्हरचा भत्ता
✔ 3 रात्री एसी हॉटेल
✔ 4 नाश्ते, 4 दुपारची आणि 3 रात्रीची शाकाहारी जेवणं
✔ सगळी प्रवेश तिकिटं आणि विठ्ठल मंदिरापर्यंतची बॅटरी गाडी
✔ मराठी बोलणारा गाइड

7/8
काय येत नाही?
✘ कोल्हापूरपर्यंतचा तुमचा प्रवास
✘ सनापूरची गोल टोपलीची नाव (वेळ उरला तरच, पैसे जागेवर)
✘ एकट्याला खोली: ₹3,600 जादा
✘ व्हिडिओ कॅमेऱ्याचं शुल्क, ओटी-अभिषेक, हमालाची टीप
✘ प्रवास विमा, औषधं
✘ दिवसाला दोनपेक्षा जास्त पाण्याच्या बाटल्या
यापलीकडे वाटेत आम्ही एक रुपयाही मागणार नाही.

8/8
₹4,000 भरा, जागा पक्की. बाकी 25 नोव्हेंबरपर्यंत.
त्या तारखेआधी रद्द केल्यास ₹1,000 कापून परत. नंतर परतावा नाही, पण तुमच्या जागी दुसऱ्याला पाठवू शकता.
बसमधली सीट पैसे भरल्याच्या क्रमानेच. पुढची हवी असेल तर आजच ‘हंपी’ असा मेसेज टाका.