टोटल लॉस दाव्यात लावलेला जादा घसारा आणि घटवलेली आयडीव्ही याबाबत लेखी हरकत

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटर दावे विभाग, पणजी शाखा.
प्रत : शाखा व्यवस्थापक, पणजी.

विषय : माझ्या खासगी मोटारीच्या टोटल लॉस दाव्यात ५ जानेवारी २०२६ च्या पत्राने देऊ केलेली ४,४३,५०० रुपयांची रक्कम मला मान्य नसल्याबाबत.

महोदय,

माझी फोंडा येथे नोंदलेली पेट्रोल हॅचबॅक मोटार (१,१९७ सीसी, नोंदणी २ जुलै २०२२) आपल्या कंपनीकडे २४ जून २०२५ ते २३ जून २०२६ या मुदतीसाठी पॅकेज पॉलिसीखाली विमाकृत आहे. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये आयडीव्ही, म्हणजे विमा उतरवताना ठरलेली गाडीची किंमत, ६,१६,००० रुपये छापलेली आहे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी बेळगावहून परत येताना अनमोड घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक आमच्या बाजूला आला. त्याला चुकवताना गाडी डोंगराच्या बाजूला आदळून उलटली. कुळे पोलीस ठाण्याचा पंचनामा, चालक परवाना, आरसी आणि वर्कशॉपचे ६,७४,००० रुपयांचे एस्टिमेट आपल्याकडे यापूर्वीच दिले आहे. अपघात कसा झाला, परवाना वैध होता का, दावा वेळेत कळवला का, यांपैकी कशावरही आपण हरकत घेतलेली नाही. म्हणजे दावा देय आहे हे आपल्यालाही मान्य आहे. वाद फक्त रकमेचा आहे.

आपल्या पत्रातला हिशेब असा आहे. गाडीची आजची शोरूम किंमत ८,०५,००० रुपये धरली. अपघाताच्या दिवशी गाडी तीन वर्षांहून जुनी होती म्हणून त्यावर ४० टक्के घसारा लावून ४,८३,००० रुपये ‘बाजारमूल्य’ काढले. त्यातून प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगच्या भागांचा घसारा म्हणून ३८,५०० रुपये आणि सक्तीची वजावट म्हणून १,००० रुपये कमी केले. उरले ४,४३,५००.

यातली शेवटची १,००० रुपयांची वजावट बरोबर आहे. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला ती लागते आणि ती मला मान्य आहे. बाकीच्या तिन्ही गोष्टी, म्हणजे धरलेली किंमत, ४० टक्के घसारा आणि भागांचा घसारा, पॉलिसीच्या शर्तींना धरून नाहीत.

आधी आयडीव्ही. ती अपघातानंतर काढायची रक्कमच नव्हे. विमा सुरू होताना त्या मॉडेलची उत्पादकाने जाहीर केलेली विक्री किंमत घ्यायची, तिच्यातून गाडीच्या त्या दिवशीच्या वयाप्रमाणे तक्त्यातला घसारा वजा करायचा आणि आलेला आकडा शेड्यूलमध्ये लिहायचा, अशी तिची रीत आहे. २००२ च्या भारतीय मोटर टॅरिफमध्ये ती घालून दिली आहे आणि आपल्या पॉलिसीतही तीच छापलेली आहे. तक्त्याप्रमाणे दोन वर्षांहून जास्त आणि तीन वर्षांपर्यंतच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के. २४ जून २०२५ रोजी माझ्या गाडीला तीन वर्षे पूर्ण व्हायला अजून आठवडाभर बाकी होता. त्या वेळची जाहीर किंमत ८,८०,००० रुपये. त्यातून ३० टक्के गेले की ६,१६,००० रुपये उरतात. आपल्याच कंपनीने हा हिशेब केला, तोच आकडा शेड्यूलवर छापला आणि त्याच आकड्यावर ओन डॅमेजचा प्रीमियम घेतला. ही किंमत मी सुचवलेली नाही, फुगवून सांगितलेलीही नाही.

पुढचे कलम तर या वादाचा सरळ निकालच लावते. टोटल लॉस किंवा कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉसच्या दाव्यासाठी आयडीव्ही हीच संपूर्ण मुदतभर गाडीचे बाजारमूल्य मानली जाईल आणि त्यात आणखी घसारा धरला जाणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. जून ते नोव्हेंबर या काळात गाडी जुनी होणार हे तक्ता करणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणूनच हे वाक्य घातले आहे. अपघाताच्या दिवशीचे वय मोजून ४० टक्क्यांच्या ओळीवर जाणे म्हणजे हे वाक्य पॉलिसीत नाहीच असे धरून चालणे.

आपल्या दावे विभागाकडून मला फोनवर सांगण्यात आले की आयडीव्ही ही फक्त कमाल मर्यादा आहे आणि कंपनी ‘प्रत्यक्ष बाजारभाव’ देते. वरील कलम पाहता हे टिकत नाही, कारण बाजारभाव कोणता हे पॉलिसीनेच ठरवून दिले आहे. सर्व्हेअरसाहेबांनी अहवालाला म्हापशाच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याचे कोटेशन जोडले आहे. तशी चार कोटेशने मीही आणू शकेन, जास्त किमतीचीही. पण तो घोळ दोघांच्याही मागे लागू नये म्हणूनच किंमत आधी ठरवून घेण्याची पद्धत आहे. धर्मेंद्र गोएल विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी या २००८ च्या निकालात, विमा उतरवताना कंपनीने स्वतः मान्य केलेली किंमत अपघातानंतर काही महिन्यांतच मोठ्या प्रमाणात खाली आणण्याला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आहे.

आता ८,०५,००० हा आकडा. तो कुठून आला हे पत्रात सांगितलेले नाही, पण उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि या मॉडेलची किंमत ८,८०,००० वरून ८,०५,००० झाली. ही कपात माझी पॉलिसी सुरू झाल्यानंतर तीन महिन्यांनी आली. कर कमी झाला त्या दिवशी आपण माझी आयडीव्ही कमी केल्याचे कळवले नाही, तेवढ्या भागाचा प्रीमियमही परत केला नाही. उलट, सप्टेंबरात गाड्यांच्या किमती वाढल्या असत्या तर मला ६,१६,००० च्या वर एक रुपयाही मिळाला नसता, आणि मी तो मागितलाही नसता. करार दोन्ही बाजूंना सारखाच बांधतो.

भागांच्या घसाऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळले आहेत. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगला ५० टक्के, फायबरग्लासला ३० टक्के, धातूच्या भागांना वयाप्रमाणे, काचेला शून्य, हा घसारा गाडी दुरुस्त करून द्यायची असते तेव्हा बदललेल्या भागांवर लागतो. जुना बंपर काढून नवा बसवला तर नव्याची पूर्ण किंमत कंपनीने का द्यावी, हा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्य आहे. पण माझ्या गाडीला एकही नवा भाग बसणार नाही. शिवाय अख्ख्या गाडीचा घसारा, बंपर आणि एअरबॅगसकट, आयडीव्ही काढतानाच वजा झाला आहे. तोच पुन्हा ३८,५०० म्हणून कापणे म्हणजे एकाच वस्तूचा घसारा दोनदा घेणे.

भागांच्या घसाऱ्याचा या प्रकरणात एकच उपयोग होता : दुरुस्तीचा देय खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होतो का, हे पाहणे. सर्व्हेअरसाहेबांनी ते केले आहे आणि अहवालाच्या त्या परिच्छेदाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. घसारा वजा जाता दुरुस्तीची देय रक्कम ५,०२,००० रुपये आणि ७५ टक्क्यांची मर्यादा ४,६२,००० रुपये, म्हणून कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, असे तिथे लिहिले आहे. ४,६२,००० हे ६,१६,००० चे ७५ टक्के होतात. ४,८३,००० चे ३,६२,२५० झाले असते. म्हणजे गाडी टोटल लॉस आहे का हे ठरवताना त्यांनी पॉलिसीतली आयडीव्ही वापरली आणि पुढच्याच पानावर पैसे द्यायची वेळ आली तेव्हा दुसरी किंमत घेतली. एकाच अहवालात, एकाच गाडीच्या, एकाच दिवसाच्या दोन किमती कशा, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

सर्व्हेअरच्या अहवालाला मी योग्य तो मान देतो. पण तो अंतिम शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसारही सर्व्हेअरच्या आकड्यापेक्षा वेगळी रक्कम देण्याचा अधिकार आपल्याकडे आहेच.

मी पॉलिसीबाहेरचे काही मागत नाही. रिटर्न टू इन्व्हॉइस हे जोडकलम मी घेतले नव्हते, त्यामुळे मूळ बिलाची किंमत, रोड टॅक्स किंवा नोंदणी शुल्क मागण्याचा प्रश्न नाही. गाडीचा सांगाडा मी ठेवून घेत नाही. तो विकून येणारी रक्कम पूर्णपणे आपली. माझा हिशेब एवढाच : ६,१६,००० वजा १,००० म्हणजे ६,१५,००० रुपये. आपण देऊ केलेल्या रकमेत १,७१,५०० रुपये कमी आहेत.

हा फरक माझ्यासाठी किरकोळ नाही. गाडीवर अजून बँकेचे कर्ज आहे. हायपोथिकेशनमुळे विम्याची रक्कम आधी तिथे जाते आणि वापरता न येणाऱ्या गाडीचा हप्ता मी दर महिन्याला भरतो आहे. तीन वर्षे एकही दावा न करता मी वेळेवर विमा भरला तो याच प्रसंगासाठी. सांगाडा फोंड्याच्या वर्कशॉपमध्ये उभा आहे आणि तिथे पार्किंगचे भाडे चढते आहे. तो उचलण्याची व्यवस्था आपण तातडीने करावी.

म्हणून माझी विनंती अशी की ६,१५,००० रुपयांवर दाव्याचा निकाल करावा. फेरविचाराला वेळ लागणार असेल तर ज्या ४,४३,५०० रुपयांबद्दल वादच नाही ते आताच बँकेच्या कर्जखात्यात जमा करावेत आणि उरलेल्या रकमेवर, विलंबाबाबतच्या नियमाप्रमाणे, बँक दराहून २ टक्के जास्त दराने व्याज द्यावे. आपण पाठवलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द आहेत. त्यावर मी तशी सही करणार नाही. ‘हक्क राखून, हरकतीसह’ असा शेरा मान्य असेल तर आजही सही करायला तयार आहे. किल्ल्या आणि मूळ आरसी माझ्याकडे आहेत. टोटल लॉसमुळे आरसी रद्द करण्याचा अर्ज फोंड्याच्या वाहतूक कार्यालयात देण्यासही माझी तयारी आहे, मात्र त्याआधी मंजूर रक्कम लेखी कळवावी.

आपण दावा याच रकमेवर कायम ठेवणार असाल तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ४० टक्के घसारा, करकपातीनंतरची किंमत आणि भागांचा घसारा लावला, ते कलम क्रमांकासह कळवावे. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी विमा लोकपाल नियम २०१७ खाली तक्रार दाखल करीन आणि विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवीन. गरज पडल्यास ग्राहक आयोगाकडे जाण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.

पॉलिसी शेड्यूल, जून २०२५ ची डीलरची दरसूची, सर्व्हे अहवालाची संबंधित दोन पाने, आपले ५ जानेवारीचे पत्र आणि कर्जखात्याचा उतारा सोबत जोडला आहे. समोर बसून बोलायचे असल्यास कळवावे. पणजीला शाखेत येईन.

आपला,
दत्ताराम वि. नाईक
कवळे, फोंडा, गोवा
(पॉलिसीधारक व नोंदणीकृत मालक)