फॅमिली प्लॅनचं निमंत्रण अजून स्वीकारलेलं नाही

वहिनी,

यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनचं निमंत्रण तुमच्या जीमेलवर पाठवून बारा दिवस झाले, अजून स्वीकारलेलं दिसत नाही. दोन आठवड्यांत ते बाद होतं, म्हणून आज-उद्याच मेल उघडून होकार द्या.

माझ्यासकट सहाच जणांना जागा असते. अण्णा, आई, दादा, धाकटी आणि मी झालो, सहावी तुमची. ती आधी मावसभावाकडे होती. तो धुळ्याला राहायला गेला, आणि प्लॅन एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी आहे. अमळनेरच्या आपल्या घरात तो आता राहत नाही, म्हणून त्याला काढावं लागलं. मला वाईट वाटलं, आधी फोन करून सांगितलं. त्याचं खातं, प्लेलिस्ट सगळं जागेवर आहे. फक्त प्रीमियमच्या सोयी गेल्या, जाहिराती परत दिसतील.

एक विचारायचं राहिलं: शिरपूरला माहेरच्या गूगल फॅमिली ग्रुपमध्ये तुम्ही अजून आहात का? असाल तर आधी तिथून बाहेर पडावं लागेल. एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहता येतं आणि ग्रुप बदलणं बारा महिन्यांत एकदाच जमतं. म्हणून शिरपूरच्या बाबांशी बोलूनच ठरवा. अडलं तर संध्याकाळी मी घरी आल्यावर मिळून करू.