सांगलीची हळद: परदेशातील आयातदार आणि किराणा व्यापाऱ्यांसाठी

स.न.वि.वि.

दुबई, लंडन आणि न्यू जर्सीतल्या मराठी आयातदारांना हे पत्र मुद्दाम मराठीत लिहीत आहोत. कागदपत्रे इंग्रजीतच येतील, पण व्यवहार काय आहे ते आपल्या भाषेत एकदा बोललेले बरे.

आम्ही सांगली मार्केट यार्डातल्या सौद्यांतून आणि थेट शेतकऱ्यांकडून हळद घेतो, कुपवाडच्या युनिटमध्ये निवडतो, दळतो आणि न्हावा शेवा बंदरातून पाठवतो. अख्खे हळकुंड, गड्डा आणि पूड, एवढेच विकतो. मिरची, जिरे, गूळ मागाल तर ओळखीचे व्यापारी सांगू. स्वतः देणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमची हळद काचेच्या बरणीत शेजारच्या हळदीपेक्षा थोडी फिकी दिसेल. हळकुंडाला पॉलिश करताना आम्ही रंग मारत नाही. बाजारात काही जण पिवळेपणासाठी लेड क्रोमेट वापरतात. त्यातून शिसे पोटात जाते. आमचे हळकुंड मोडून पाहा. कट्‌कन आवाज येऊन तुटले पाहिजे, आतला रंग नारिंगीकडे झुकणारा हवा, आणि बोटाला लागलेला पिवळा डाग साबणाने सहज जायला नको. वाकले तर ओलावा जास्त आहे, तो लॉट घेऊ नका, आमचा असला तरी.

प्रमाणपत्रे: आयात-निर्यात कोड, एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना, मसाले मंडळाची निर्यातदार नोंदणी, आयएसओ २२०००, आणि आखातासाठी हलाल. अमेरिकेसाठी युनिटची एफडीए नोंदणी आहे, पण नोंदणी म्हणजे एफडीएची मान्यता नव्हे. तिकडे पुरवठादाराच्या पडताळणीची जबाबदारी आयातदाराची असते. त्यासाठी लागणारे धोका-विश्लेषण आणि चाचणी अहवाल आम्ही देऊ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पोत्याचा शेतकरी आमच्या वहीत सापडतो, त्याच पोत्याला आम्ही ते नाव लावतो. बाहेरच्या जिल्ह्यातली हळद मिसळली तर बिलावर तसे लिहितो.

प्रत्येक लॉटची एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते: कर्क्युमिन, ओलावा, शिसे, अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशकांचे अंश, साल्मोनेला. युरोपीय संघात हळदीसारख्या कंदांच्या मसाल्यांना शिशाची मर्यादा किलोला १.५० मिलिग्रॅम आहे. माल दुबईला जायचा असला तरी आम्ही तीच धरतो. निर्जंतुकीकरण वाफेने करतो, इथिलीन ऑक्साइड वापरत नाही.

नमुना: अख्खी हळद ५०० ग्रॅम आणि पूड २५० ग्रॅम, मोफत. कुरिअरचा खर्च आपला. पहिल्या ऑर्डरच्या बिलातून तो वजा करू. मागणी करताना दुकानासाठी हवी की लोणच्याच्या कारखान्यासाठी ते कळवा, कारण दोन्हींना एकच जात लागत नाही. त्याच लॉटचा दुसरा नमुना सीलबंद करून आमच्याकडे १२ महिने राहतो. वाद झालाच तर तोच उघडायचा.

भाव इथे छापलेला नाही. जानेवारी ते मे हंगामात सौद्यात तो रोज हलतो. विचारणा केल्यावर डॉलरमध्ये लेखी भाव मिळेल, तो ७ दिवस बंधनकारक राहील.

किमान ऑर्डर पुडीसाठी १ टन, अख्ख्या हळदीसाठी २० फुटी कंटेनर, २५ किलोच्या पोत्यांत. तुमच्या छापाची २०० ग्रॅमची पाकिटे हवी असतील तर ५ टनांपासून. ऑर्डर पक्की झाल्यापासून २१ दिवसांत माल बंदरात पोचेल. पावसाळ्यात २८ दिवस धरा.

अटी इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे, एफओबी न्हावा शेवा किंवा सीआयएफ आपले बंदर. सीआयएफमध्ये भाडे आणि विमा आम्ही भरतो, पण माल जहाजावर चढला की जोखीम आपल्याकडे जाते. नव्या गिऱ्हाइकांशी सगळ्यात जास्त घोळ याच मुद्द्यावर होतो. पैसे ३० टक्के आगाऊ, बाकी ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची प्रत पाहून. ५०,००० डॉलरच्या वर साइट एलसी चालेल. उधारी पहिल्या तीन ऑर्डरींना नाही. ओळख कितीही जवळची असो.

मालासोबत बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, उगम प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि लॉटचा चाचणी अहवाल येईल. तक्रार माल पोचल्यापासून १५ दिवसांत, पोत्यावरच्या लॉट क्रमांकाच्या फोटोसह. दोघांना मान्य प्रयोगशाळेचा निकाल अंतिम. दोष आमचा निघाला तर बदली माल किंवा पैसे परत, आणि चाचणीचा खर्चही आमचा. तरीही मिटले नाही तर लवाद मुंबईत.

सांगलीला येणे झाले तर हरिपूरची हळदीची पेवे दाखवू. जमिनीतली ही कोठारे २००५ च्या पुरात बरीच बुडाली. आमचा माल आता शीतगृहात असतो.

नमुन्याच्या मागणीला दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ.

आपले,
भागीदार, निर्यात विभाग
मार्केट यार्ड, सांगली