मीनलताईला थँक्यू आणि विलासकाकांना पहिला मेसेज

(आधी मीनलताईला)

ताई, थँक्यू गं खरंच. वाड्याच्या ओल आलेल्या भिंतीसाठी चुन्याचं काम करणाऱ्या विलासकाकांबद्दल तुझा मेसेज आला तेव्हा बाबा शेजारीच होते, त्यांना वाचून दाखवला तर म्हणाले, "मीनलला आपलं माजघर अजून आठवतंय म्हणजे." आठवणारच ना, उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते कुठे कुटायचो आपण सगळे.

नुसता विलासकाकांचा नंबर फॉरवर्ड केला असतास तरी मी खूश झालो असतो, पण तू आधी त्यांना फोन केलास, नंबर देऊ का विचारलंस, मी कोण काय करतो तेपण सांगितलंस आणि मग मला कळवलंस, हे कोण करतं आजकाल. गेल्या दोन महिन्यांत मी ज्याला विचारलं त्याने एकतर "पाडा आणि स्लॅब टाका" सांगितलं नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्याचं कार्ड हातात दिलं. चुन्याचं काम करणारा माणूस नाशकात आहे हे मला तुझ्यामुळे कळलं, त्यात पुढच्या वर्षी सिंहस्थ, म्हणजे चांगला मिस्त्री मोकळा सापडणं आधीच अवघड. म्हणून तू मध्ये शब्द टाकलास त्याची किंमत मला कळते.

तू म्हणालीस तसं पहिल्याच मेसेजमध्ये स्क्वेअर फुटाचा भाव विचारणार नाही 😄 आधी भिंत बघायला बोलावतो, बघायला येण्याचे पैसे देतो, मग त्यांना जे वाटेल ते ऐकतो. आणि तुझं नाव सांगून दोन पैसे कमी करा वगैरे अजिबात करणार नाही, तू काळजी करू नको. इथून पुढे तुला मध्ये पडायची पण गरज नाही, पैशाचं तारखांचं जे काय असेल ते मी आणि काका डायरेक्ट बोलू. समजा काम नाही जमलं, त्यांना वेळ नसेल किंवा आमचं बजेट पुरलं नाही तर मी त्यांना स्वतः स्पष्ट सांगेन आणि तुलाही सांगेन, तुला त्यांच्याकडून कळायची वेळ येणार नाही. ओळख तू दिलीस, ती खराब करायची नाहीये मला.

एक बरं केलंस, त्यांना आधीच सांगून ठेवलंस की वाड्यात चुलत्यांचाही हिस्सा आहे. संतोषदादाचं बिल्डरबरोबर चालूच आहे, तुला माहितीये. पण मागची भिंत आमच्याच वाटणीत येते आणि त्याच्याशी बोललोय मी, तो म्हणाला तुझ्या खर्चाने काय करायचं ते कर. एवढं पुरे आहे आत्ता.

त्यांना मी काकाच म्हणतो, चालेल ना? विलासराव लिहिलं तर उगाच लग्नपत्रिका वाटते. त्यांना सध्या फोनपेक्षा मेसेज बरा असं तू म्हणालीस म्हणून मेसेजच टाकतोय, फोटो पाचच पाठवतो, चाळीस नाही.

आईने तुझ्यासाठी कुरडया वेगळ्या काढून ठेवल्यात, गंगापूर रोडला येईन तेव्हा घेऊन येतो. आणि एका रविवारी मिसळ माझ्याकडून, काळ्या रश्श्याची, ठिकाण तू सांग, आमच्या जिजूंना पण आण नाहीतर ते म्हणतील मेव्हण्याला बहीणच दिसते फक्त.

प्रशांत

(आणि मग विलासकाकांना)

नमस्कार काका,

मी प्रशांत, भांडी बाजाराच्या मागच्या बोळात आमचा वाडा आहे. मीनलताईने तुम्हाला परवा फोन केला होता तो माझ्याचसाठी. तुम्ही तुमचा नंबर मला द्यायला हो म्हणालात त्याबद्दल आधी थँक्यू. दिवसा तुम्ही कामावर असता आणि वर चढलेलं असताना फोन वाजलेला आवडत नाही असं ताई म्हणाली, म्हणून इथेच सगळं लिहितोय, जरा लांबलंय, पण तुम्ही निवांत वाचा. उत्तराची घाई नाही.

वाडा आजोबांच्या आधीचा आहे, नेमकं वर्ष घरात कोणाला सांगता येत नाही. सरकारवाड्यासारखा काही मोठा नाही, एक चौक, खाली ओसरी आणि माजघर, वर दोन खोल्या आणि पोटमाळा. खांब आणि तुळया सागवानी, मधल्या भिंती विटांच्या, सांधे मातीचे, वरून चुन्याचा गिलावा. मागची म्हणजे नदीकडची भिंत दोन फुटांच्या आसपास जाड आहे, आणि प्रॉब्लेम तिचाच आहे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदेला मोठा पूर आला, सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या माजघरातही कमरेएवढं पाणी होतं. (आमच्याकडे पूर मोजायची पद्धत एकच, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं. त्या दिवशी बाबांनी दुपारीच सामान वर चढवायला घेतलं होतं.) पाणी ओसरल्यावर एका कॉन्ट्रॅक्टरने खालचा जुना गिलावा खरवडून चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं, आता पन्नास वर्षं बघायला नको म्हणाला. दोनतीन वर्षं खरंच छान दिसत होतं. मग सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर ओल दिसायला लागली, आधी हातभर, आता बाबांच्या डोक्याच्या वर गेलीय. तिथल्या जुन्या चुन्याला लोणा लागलाय, झाडू फिरवला की पांढरी पावडर आणि पोपडे पडतात. आणि गंमत म्हणजे खालचं सिमेंट बाहेरून कोरडं ठणठणीत दिसतं, पण ठोकलं की दोन जागी पोकळ वाजतं.

मीनलताईने मला समजावलं ते असं की भिंत जमिनीतलं पाणी वर ओढतेच, चुन्याच्या गिलाव्यातून ते वाळून जातं पण सिमेंटने तोंड बंद केलं की पाण्याला बाहेर पडायला जागा नाही, मग ते वर चढत जातं आणि मिठासकट जिथे मोकळं सापडेल तिथून निघतं. आमच्या भिंतीवर अगदी तसंच दिसतंय. पण मी अंबडला सीएनसी मशीन चालवतो, भिंतीतलं मला कळत नाही, त्यामुळे हे बरोबर की अजून काही वेगळं आहे, म्हणजे मागच्या गटाराचं पाणी मुरतंय वगैरे, ते तुम्हीच बघून सांगा. गटार भिंतीपासून दीड हातावर आहे आणि त्याची फरशी एका ठिकाणी फुटलीय, त्याचा फोटो टाकलाय.

मला जास्त भीती एका खांबाची वाटते. भिंतीत अर्धा गाडलेला कोपऱ्यातला खांब आहे, त्याचा पाया दगडी उथाळ्यावर आहे पण सिमेंट करताना ते उथाळंही प्लास्टरमध्ये झाकून टाकलं. खाली वीतभर लाकूड काळं पडलंय आणि तिथे सुरीचं टोक सहज आत जातं. वरची तुळई अजून सरळ दिसते, मी दोरा लावून बघितलं, पण त्याच्यावर वरची खोली आहे आणि आईबाबा तिथेच झोपायचे. सध्या त्यांना पुढच्या खोलीत हलवलंय. दर पावसाळ्याआधी महापालिका जुन्या वाड्यांना नोटिसा लावते, आमच्या बोळात दोन घरांना लागल्या, आम्हाला अजून नाही, पण नोटीस यायच्या आधी काहीतरी केलेलं बरं असं वाटतं.

तर माझी विनंती एवढीच की एकदा येऊन बघाल का. आज लगेच काम घ्या असं म्हणत नाही. बघायला यायचे तुमचे जे पैसे असतील ते सांगा, ते काम झालं नाही झालं तरी द्यायचेच आहेत. आल्यावर मला मुख्य समजून घ्यायचंय की आधी खांब धरायचा की आधी सिमेंट काढायचं, आणि सिमेंट काढल्यावर नवीन गिलाव्याआधी भिंत किती दिवस उघडी वाळू द्यायची, कारण त्यावर आईबाबांना कुठे ठेवायचं ते ठरेल. बाबांना दमा आहे, खरवडण्याच्या दिवसांत त्यांना बहिणीकडे सिन्नरला पाठवावं लागेल.

पैशाचं आधीच सांगतो म्हणजे तुमचा वेळ जायला नको. यंदा फक्त ही भिंत आणि तो खांब, दीड ते दोन लाखापर्यंत माझी तयारी आहे. त्यात बसत नसेल तर अर्धं यंदा अर्धं पुढच्या वर्षी असं करता येईल का तेही सांगा, आणि असं अर्धवट करून उपयोगच नाही असं असेल तर तसंही तोंडावर सांगा, मला राग येणार नाही. माझी समजूत काढायला म्हणून थोडं सिमेंट, थोडा चुना असं काही मध्यममार्गी नको.

चौकात जागा आहे, नळ आहे. कळीचा चुना विरवायचा असेल तर कोपऱ्यात टाकी किंवा खड्डा करता येईल. सुट्टीत भाच्या येतात आणि पाणी पडल्यावर चुना कसा उकळतो ते मला माहितीये, म्हणून तो कोपरा मी पत्रे लावून कुलूप घालून देईन. वीट फोडून सुरखी करायची असेल तर मागच्या पडवीत जुन्या विटांचा ढीग पडलाय, चालण्यासारख्या आहेत का बघा. चुना मळायला तुमच्याकडे काय सोय आहे, घाणी की मशीन, मला कल्पना नाही, पण माल बोळात टेम्पोतून येणार नाही एवढं लक्षात असू द्या, तोंडाशी उतरवून हातगाडीने आणावा लागेल, साधारण शंभर पावलं.

आता परतीचा पाऊस संपला की तुमचा काय कार्यक्रम आहे ते तुम्ही सांगा. सिंहस्थाच्या कामांत तुम्ही अडकलेले असणार हे कळतंय, त्यामुळे दिवाळीनंतर म्हणालात तरी थांबतो, फक्त तो खांब तोपर्यंत टेकू लावून धरून ठेवायचा असेल तर कुठे कसा लावायचा एवढं आधी बघून जा, नाहीतर मी जॅक लावून भलतंच काहीतरी करून बसेन.

या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे, साडेतीनला सुटतो, साडेचारपर्यंत घरी. रविवारी पूर्ण दिवस मोकळा. गाडी बोळात येत नाही, गाडगे महाराज पुलाजवळ लावा आणि मला मिस्ड कॉल द्या, मी घ्यायला येतो. टू-व्हीलरवर असाल तर थेट दारापर्यंत येते, फक्त संध्याकाळी भांड्यांच्या दुकानांसमोर गर्दी असते.

पाच फोटो खाली टाकतोय, पहिले दोन भिंत, तिसरा खांबाचा पाया, चौथा गटार, पाचवा चौक. व्हिडिओ हवा असेल तर करून पाठवतो.

प्रशांत